प्रोटीन बार निवडताना: वीस ग्रॅम प्रोटीन, पण किती कॅलरींत?

प्रोटीन बारच्या वेष्टनावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा खराच असतो. '२० ग्रॅम' लिहिलं असेल तर आत साधारण तेवढं प्रोटीन असतं. मात्र ते मिळवण्यासाठी किती कॅलरी आणि किती साखर खावी लागेल, हे कळायला वेष्टन उलटून मागचा तक्ता वाचावा लागतो. त्यासाठी एक साधा हिशोब पुरतो: प्रोटीनच्या ग्रॅमला १०० ने गुणायचं आणि बारच्या एकूण कॅलरींनी भागायचं. उत्तर येतं ते १०० कॅलरींमागे मिळणारं प्रोटीन.

हा हिशोब अमेरिकेत कुठल्याही मोठ्या दुकानात मिळणाऱ्या तीन बारवर करून बघू. क्वेस्ट, क्लिफचा बिल्डर्स आणि आरएक्सबार हे तिन्ही मुद्दाम निवडले आहेत, कारण ते तीन अगदी वेगळ्या पद्धतींनी बनतात आणि भारतातले बहुतेक बारही यांतल्याच एखाद्या पद्धतीचे असतात. चवीनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण एकूण चित्र बदलत नाही.

| | क्वेस्ट | बिल्डर्स | आरएक्सबार |
|---|---|---|---|
| प्रोटीन (ग्रॅम) | २१ | २० | १२ |
| कॅलरी | सुमारे १९० | सुमारे २९० | सुमारे २१० |
| १०० कॅलरींमागे प्रोटीन (ग्रॅम) | ११ | ७ | ५.७ |
| वरून घातलेली साखर (ग्रॅम) | ० | सुमारे १७ | ० |
| एकूण साखर (ग्रॅम) | १ च्या आसपास | सुमारे १७ | १३ ते १५ |

पहिल्या ओळीवर थांबलं तर क्वेस्ट आणि बिल्डर्स जुळे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात तेवढ्याच प्रोटीनसाठी बिल्डर्समध्ये १०० कॅलरी जास्त जातात आणि त्यांतल्या बऱ्याचशा साखरेच्या असतात. १७ ग्रॅम म्हणजे चार चमच्यांहून अधिक साखर. अमेरिकी लेबलवर दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात, तिचा तिसरा हिस्सा एका बारमध्ये संपतो. तीन-चार तास सायकल चालवणाऱ्याला किंवा दिवसभराच्या ट्रेकला निघालेल्याला ही साखर कामाची आहे, कारण तिथे शरीराला झटपट इंधन हवंच असतं. दुपारी चार वाजता ऑफिसच्या खुर्चीत बसून खाणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही.

आरएक्सबारचं प्रकरण जास्त विचार करण्यासारखं आहे. अंड्याचा पांढरा भाग, बदाम, काजू आणि खजूर एवढंच मुख्य साहित्य, तेही वेष्टनावर ठळक लिहिलेलं. वरून घातलेली साखर शून्य, आणि तेही खरं. पण १३-१५ ग्रॅम साखर आहेच. ती खजुरातली असल्यामुळे 'एकूण साखर' या ओळीत मोजली जाते, 'ॲडेड शुगर'च्या ओळीत येत नाही. खजुरासोबत थोडं फायबर आणि पोटॅशियम मिळतं, म्हणून ती आणि सिरप एकाच पारड्यात तोलणं मला पटत नाही. पण वाटून लगदा केलेल्या खजुराची साखर अख्ख्या खजुरापेक्षा सहज पोटात जाते, आणि कॅलरी तेवढ्याच देते. म्हणून 'नो ॲडेड शुगर' दिसलं की लगेच शेजारची एकूण साखरेची ओळ वाचावी. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर ती खजूर, मनुका, अंजीर किंवा दुधातून आलेली असते.

प्रोटीनच्या बाबतीत तर आरएक्सबार तिघांत शेवटी आहे. त्यातून २० ग्रॅम मिळवायचं तर ३५० कॅलरी खाव्या लागतील. भाजलेल्या हरभऱ्यातही, म्हणजे आपल्या फुटाण्यांत, १०० कॅलरींमागे सुमारे सहा ग्रॅम प्रोटीन असतं, आणि उकडलेल्या अंड्यात आठ. अंड्याचं प्रोटीन गुणवत्तेत फुटाण्यांच्या पुढे आहे हे मान्य, पण निव्वळ मात्रा बघितली तर हा बार फुटाण्यांच्याच रांगेत बसतो. सुकामेव्याचा चांगला खाऊ म्हणून तो जरूर घ्यावा, प्रोटीनचा स्रोत म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

मग क्वेस्ट सरळ जिंकला का? प्रोटीन आणि साखर या दोन कसोट्यांवर हो. पण १९० कॅलरी हा आकडा इतका खाली कसा आला, तेही बघायला हवं. त्यात सुमारे ८ ग्रॅम फॅट आणि २२ ग्रॅम कार्बोहायड्रेट आहेत. प्रोटीन आणि कार्बच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी आणि फॅटच्या ग्रॅमला ९ धरल्या, तर बेरीज २४० च्या पुढे जाते. लेबलवर मात्र १९०. मधल्या पन्नासेक कॅलरींचा फरक पडतो तो फायबर आणि साखरेऐवजी गोडीसाठी घातलेल्या एरिथ्रिटॉलमुळे. हे दोन्ही कार्बच्या ओळीत मोजले जातात, पण फायबरची ऊर्जा शरीराला फार तर निम्मी मिळते आणि एरिथ्रिटॉलची जवळपास नाहीच. यात फसवणूक काही नाही, कॅलरी मोजायची ही मान्य रीत आहे. पण एका बारमधून दहा-बारा ग्रॅम फायबर एकदम पोटात गेलं की अनेकांना गॅस होतो, पोट फुगतं. ही बेरीज कुठल्याही बारवर करून बघा. लेबलवरचा आकडा बराच कमी निघाला तर त्यात फायबर किंवा पॉलिओल, म्हणजे एरिथ्रिटॉलच्या जातीचे गोड पदार्थ, भरपूर आहेत, आणि पहिल्यांदा अर्धाच बार खाणं शहाणपणाचं.

पॉलिओल सगळे सारखे नसतात. घटकांच्या यादीत माल्टिटॉल दिसला तर मधुमेह असणाऱ्यांनी थांबून विचार करावा. तो 'ॲडेड शुगर'मध्ये मोजला जात नाही, त्यामुळे तिथे शून्य छापता येतं, पण एरिथ्रिटॉलसारखा तो शरीरातून तसाच बाहेर पडत नाही. त्याचा काही भाग पचतो आणि रक्तातली साखर वाढवतो, साखरेपेक्षा कमी पण निश्चित. शिवाय जास्त झाला तर जुलाब होतात.

भारतात बार घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, 'हाय प्रोटीन' या शब्दांवर निवड करू नका. युरोपात त्यासाठी किमान २० टक्के कॅलरी प्रोटीनमधून याव्या लागतात. आपल्याकडे हा दावा वजनाच्या हिशोबानेही करता येतो: १०० ग्रॅममागे दिवसाच्या गरजेच्या २० टक्के, म्हणजे ११-१२ ग्रॅमच्या आसपास. फुटाणेही ही अट आरामात पूर्ण करतात. दोन, मागच्या तक्त्यात पुष्कळदा आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि बार ५०-६० ग्रॅमचा. साखरेचा आकडा वाचताना तो बारच्या वजनावर आणावाच लागतो. प्रोटीन आणि कॅलरीचं गुणोत्तर मात्र कुठल्याही रकान्यातून काढलं तरी तेच येतं, फक्त दोन्ही आकडे एकाच रकान्यातले घ्या.

अमेरिकी लेबलवर आणखी एक सोय आहे. वेष्टनावर प्रोटीनचा दावा केला असेल तर मागे '% डेली व्हॅल्यू' द्यावी लागते, आणि ती प्रोटीनची गुणवत्ता धरून काढलेली असते. रोजची मात्रा ५० ग्रॅम मानतात, म्हणजे उत्तम प्रतीच्या २० ग्रॅमला ४० टक्के दिसायला हवेत. २० ग्रॅम लिहून मागे टक्के बरेच कमी असतील, तर त्यात कोलॅजेन किंवा तसलं अपुरं प्रोटीन मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे एकट्या कोलॅजेनचे गुण शून्य धरले जातात.

वजन आटोक्यात ठेवून प्रोटीन वाढवायचं असेल आणि पोट साथ देत असेल, तर मी क्वेस्टच्या पद्धतीचा बार निवडेन: १०० कॅलरींमागे किमान ८ ग्रॅम, कारण तेवढं तर अंडंही देतं, आणि एकूण साखर पाच ग्रॅमच्या आत. स्वीटनर नको असतील त्यांनी खजुराचा बार घ्यावा, पण त्या दिवशीचं प्रोटीन डाळ, दही, पनीर, अंडी यांतून मोजावं. बिल्डर्सच्या पद्धतीचा बार लांब पल्ल्याच्या व्यायामाच्या दिवसापुरता ठेवावा.