ओव्हरशूट दिसतोय: पोझिशन गेन उतरवायचा की वेलॉसिटी गेन चढवायचा?

सर्वो ॲक्सिस ठरलेल्या जागेच्या थोडी पुढे जाऊन मागे येत असेल, तर बहुतेकांचा हात आधी पोझिशन गेनकडे जातो. तो उतरवला की ओव्हरशूट जातो, हे खरं. पण वेलॉसिटी लूपचा गेन चढवूनही तो जातो. दोन्ही वेळा स्कोपवर रेषा स्वच्छ येते, पण मशीनचं वागणं वेगळं राहतं. निवड करताना पाहायचं ते हेच.

पोझिशन लूप बाहेर असतो आणि आतल्या वेलॉसिटी लूपला वेग मागतो. आतला लूप तो वेग लगेच देत नाही. तो जितका उशीर करतो तितका बाहेरचा लूप जास्त मागून बसतो, आणि त्या जास्तीच्या वेगानं ॲक्सिस पुढे निघून जातो. म्हणून ओव्हरशूट एकट्या पोझिशन गेनमुळे होत नाही. तो दोन लूपच्या वेगांच्या गुणोत्तरातून येतो.

एक उदाहरण घेऊ. वेलॉसिटी लूपची बँडविड्थ ४० हर्ट्झ, म्हणजे सुमारे २५० रेडियन प्रति सेकंद. पोझिशन गेन १२५ प्रति सेकंद, म्हणजे त्याच्या निम्मा. इंटिग्रल सध्या बंद ठेवू. लहान स्टेप दिली तर साधारण ४ टक्के ओव्हरशूट दिसेल. हाच पोझिशन गेन २५० केला तर तो १६ टक्क्यांवर जाईल. ६३ च्या आसपास, म्हणजे बँडविड्थच्या चौथ्या हिश्श्यावर आणला, तर ओव्हरशूट जवळजवळ शून्य होतो.

पहिला मार्ग, म्हणजे गेन १२५ वरून ६३ वर आणणं, सोपा आणि सुरक्षित आहे. त्याची किंमत फॉलोइंग एररमध्ये मोजावी लागते. फीडफॉरवर्ड नसताना ही चूक वेग भागिले पोझिशन गेन इतकी असते. २०० मिलिमीटर प्रति सेकंदाला ती १.६ वरून ३.२ मिलिमीटर होते. नुसतं बिंदूपासून बिंदूपर्यंत जायचं असेल तर चालेल. दोन ॲक्सिस मिळून वर्तुळ कापत असतील तर मला हा मार्ग मान्य नाही.

दुसऱ्या मार्गात पोझिशन गेन १२५ च ठेवून वेलॉसिटी लूप ८० हर्ट्झवर न्यायचा. गुणोत्तर पुन्हा एक चतुर्थांश होतं, ओव्हरशूट जातो आणि चूक १.६ मिलिमीटरच राहते. शिवाय बाहेरून आलेल्या धक्क्यालाही ॲक्सिस कमी हलतो. मेकॅनिक्स साथ देत असेल तर मी हाच निवडतो. ते साथ देतं का, हे कळतं कपलिंग, स्क्रू किंवा बेल्टच्या रेझोनन्सवरून. वेलॉसिटी गेन चढवत नेताना एका टप्प्यावर थांबलेल्या ॲक्सिसमधूनही बारीक, चढा सूर येऊ लागतो आणि टॉर्कचा आलेख दाट होतो. बऱ्याचदा ही कंपनं शेकडो हर्ट्झची असतात. तिथून मागे यायचं, आणि जागा ठेवूनच मागे यायचं, कारण लोड बदलला की सीमाही सरकते. नॉच फिल्टरनं थोडी जागा वाढते, पण त्याच्या फेज-लॅगमुळे आतला लूप थोडा मंदही होतो.

अस्थिरता कोणत्या लूपची, हे ओळखायला पोझिशन लूप बंद करून ड्राइव्ह वेलॉसिटी मोडमध्ये शून्य वेगावर चालवा. उभ्या ॲक्सिसचा भार आधी टेकवून ठेवा आणि टॉर्क लिमिट कमी ठेवा. कंप तसाच राहिला तर दोष आतल्या लूपचा आहे. नाहीसा झाला तर दोन लूपचं गुणोत्तर तपासा. आपल्या उदाहरणात तो हेलकावा सुमारे २० हर्ट्झचा, डोळ्यांना दिसण्याइतका असेल.

दोन गोष्टी मात्र फसवतात. इंटिग्रल सुरू असताना वेगाच्या स्टेपला वेलॉसिटी लूपचा ओव्हरशूट येणारच, कारण घर्षण नगण्य असलेल्या जड भारावर पीआय कंट्रोलर आधीची साठलेली चूक फेडण्यासाठी वेग जास्त नेतो. डॅम्पिंग क्रिटिकल असतानाही तो १३ टक्क्यांच्या वर जातो. ही अस्थिरता नव्हे. उलट इंटिग्रल टाइम तोच ठेवून वेलॉसिटी गेन उतरवला, तर हेलकावे मंद होतात आणि जास्त टिकतात. अशा वेळी गेन वाढवायचा किंवा इंटिग्रल टाइम लांबवायचा. ४० हर्ट्झच्या लूपसाठी तो सुमारे १६ मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नये.

दुसरी गोष्ट सॅच्युरेशनची. स्टेप दुप्पट केल्यावर ओव्हरशूटचा टक्का बदलला, तर गेनला हात लावू नका. ड्राइव्ह टॉर्क लिमिटला टेकतोय का, ते करंटच्या आलेखावर सपाट माथा दिसतो का यावरून पाहा. तो दिसला तर ॲक्सिलरेशन कमी करा, मग पुन्हा मोजा.