48x + 30y = 606: उलट भागाकार की बाकीची चाचणी?

अप्पा बळवंत चौकातून 48 रुपयांच्या वह्या आणि 30 रुपयांची पेनं घेतली, बिल 606. किती वह्या, किती पेनं?

आधी मसावि काढा. 48 आणि 30 चा मसावि 6, आणि 606 ला 6 ने भाग जातो, म्हणून उत्तर आहे. बिल 608 असतं तर तिथेच थांबायचं, कारण डावी बाजू कायम 6 च्या पटीत येते. भागून उरतं 8x + 5y = 101.

युक्लिडच्या रीतीत 8 = 5 + 3, 5 = 3 + 2, 3 = 2 + 1 असं उतरायचं आणि उलटं चढायचं: 1 = 2·8 − 3·5. 101 ने गुणलं की x = 202, y = −303. बरोबर आहे, पण उणे तीनशे तीन पेनं कोण घेणार!

बाकीच्या रीतीत 101 − 8x ला 5 ने भाग जायला हवा, म्हणून x ला 0 ते 4 एवढंच तपासायचं. x = 2 ला 85 उरतात, y = 17. इतक्या लहान आकड्यांना मी हीच रीत घेते. सहगुणक चार-पाच अंकी झाले की मात्र युक्लिडच हवा. तिथे भागाकार मोजकेच लागतात.

सगळी उत्तरं: x = 2 + 5t, y = 17 − 8t. इथे मुलं हमखास 30 आणि 48 ची उडी घेतात, मग (7, 9) आणि (12, 1) निसटतात. उडी भागलेल्या सहगुणकांचीच.