लॉग लॉस घ्यायचा की ब्रायर स्कोअर? माझा अनुभव

मशीन पुढच्या महिन्यात बंद पडेल का, याची प्रोबॅबिलिटी देणारं मॉडेल करत होतो. टेस्टला १००० मशीन, त्यातल्या १०० खरंच बंद पडलेल्या. म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना 'नाही पडणार' म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी ९०%! शिवाय तिला ०.५१ आणि ०.९५ सारखेच, ०.५ च्या वर गेलं की झालं. आकड्याच्या जोरावर कुठली मशीन आधी उघडायची ते ठरवायचं असेल तर अ‍ॅक्युरसीचा विषय इथेच संपला.

खरी निवड लॉग लॉस आणि ब्रायर या उरलेल्या दोघांत. दोघंही प्रामाणिक आहेत, म्हणजे मनात ३०% असताना भलतंच सांगून सरासरीत फायदा होत नाही. ब्रायर म्हणजे प्रोबॅबिलिटी आणि निकाल (० किंवा १) यातल्या फरकाचा वर्ग, चूक कितीही मोठी असो एका ओळीला १ च्या वर दंड नाही. लॉग लॉस म्हणजे जे खरंच घडलं त्याला दिलेल्या प्रोबॅबिलिटीचा उणे लॉग, त्याला मात्र वर मर्यादाच नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

लॉजिस्टिकचा लॉग लॉस ०.२४ आला आणि रँडम फॉरेस्टचा ०.३९. सगळ्यांना सरसकट १०% सांगितलं तरी ०.३२५ येतो, मग फॉरेस्ट त्याहून वाईट कसं? अर्धा दिवस घालवून एकेक ओळ काढून बघितली तेव्हा कळलं की बंद पडलेल्या पाच मशीनना फॉरेस्टच्या एकाही झाडाने मत दिलं नव्हतं, `predict_proba` थेट शून्य. शून्याचा लॉग उणे अनंत, म्हणजे दंड अनंत होतो म्हणून लायब्ररी गुपचूप शून्याऐवजी एक अतिसूक्ष्म आकडा धरते आणि त्याचा दंड होतो ओळीमागे साधारण ३६. पाच ओळींचे १८०, भागिले १०००, म्हणजे ०.१८ नुसते यांचेच! ते वगळले तर फॉरेस्ट ०.२१, म्हणजे पुढे. आणि तो ३६ मॉडेलचा नाहीच हो, लायब्ररीवाल्याने कुठे कात्री लावली त्याचा आहे. ब्रायरमध्ये त्याच पाच ओळींचं वजन फक्त ०.००५, आणि तिथे फॉरेस्ट ०.०६६ विरुद्ध लॉजिस्टिक ०.०७१.

आता लॉग लॉसची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. शून्य म्हणणं ही चूकच होती, आणि ती त्यानेच दाखवली, ब्रायर बघून मला पत्ताही लागला नसता. घटना फारच दुर्मिळ असेल तर १% सांगितलं काय आणि ०.०१% सांगितलं काय, घटना घडली तर ब्रायरला ०.९८ आणि जवळजवळ १, फरक नगण्य, लॉग लॉस मात्र ४.६ आणि ९.२ देतो. अशा कामाला तोच घ्या, फक्त आधी शून्य-एक किती आहेत ते मोजा. (आयसोटॉनिक कॅलिब्रेशन केलं म्हणून निर्धास्त राहू नका, तेही शून्य देतं, सिग्मॉइड देत नाही.)

माझ्यासारखं दहा टक्क्यांचं काम असेल तर मी तरी ब्रायरवर मॉडेल निवडतो आणि लॉग लॉस बाजूला चालू ठेवतो, तो अचानक उडाला की शून्यं शोधायला जातो.