ड्रोनच्या फुटेजमधून पात्यांची टोकं पुसणं: फ्यूजन काही महिने वापरल्यावर

डाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजन पेजवर हे काम होतं का, असं विचाराल तर होतं, आणि त्यासाठी मोफत आवृत्ती पुरते. पण ब्रश घेऊन फ्रेममागून फ्रेम क्लोन करत बसाल, तर कोपरा उकळल्यासारखा थरथरेल. प्रत्येक फ्रेमवर हात जरासा वेगळा पडतो आणि पोत बदलत राहतो. एका फोटोपुरता ब्रश ठीक. चालत्या शॉटसाठी सरकवलेला तुकडा आणि त्यावर स्थिर मास्क, हीच पद्धत टिकते.

पातं फ्रेममध्ये येतंच का, ते आधी पाहू. जोरात पुढे जाताना किंवा समोरचा वारा कापताना ड्रोन नाक खाली घालतो. क्षितिज जागेवर ठेवण्यासाठी गिंबल कॅमेरा ड्रोनच्या अंगापेक्षा वर उचलतो, आणि पुढची पाती वरच्या दोन कोपऱ्यांत डोकावतात. म्हणून झोत आला की टोक येतं आणि ओसरला की जातं. एनडी फिल्टर लावून १/५० शटरवर शूट केलं असेल तर पातं अर्धपारदर्शक धुरकट पट्ट्यासारखं दिसतं. शटर १/१००० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी तुटक, वाकडा काळा तुकडा दिसतो. दोन्हीचा इलाज एकच आहे, पण दुसऱ्या प्रकारात मास्क सगळ्या फ्रेम पाहून काढावा लागतो.

क्लोन करायच्या आधी क्रॉपचा हिशोब करा. ३८४० × २१६० च्या फ्रेममध्ये टोक वरून ६० पिक्सेल आत येत असेल, तर सुमारे २.९ टक्के झूम आणि ३१ पिक्सेल वर सरकवणं एवढ्यात ते फ्रेमबाहेर जातं. टाइमलाइन १०८० ची असेल तर यात गमावण्यासारखं काहीच नाही. मागे आकाश नसून बारीक तपशील असेल, तर हेच करा आणि मोकळे व्हा.

क्रॉप परवडत नसेल आणि मागे नुसतं आकाश असेल, तर जोडणी छोटी आहे. `MediaIn1` ची एक तार `Merge1` च्या बॅकग्राउंडला द्या. दुसरी तार `Transform1` मधून फोरग्राउंडला न्या आणि `Merge1` ला `Polygon1` चा मास्क लावा. टोक उजव्या वरच्या कोपऱ्यात असेल तर `Transform1` चा `Center X` 0.5 वरून 0.56 करा. त्याच फ्रेममधलं, २३० पिक्सेल डावीकडचं आकाश कोपऱ्यात येऊन बसतं. डाव्या कोपऱ्यासाठी 0.44. तुकडा शक्यतो आडवाच सरकवा. आकाश क्षितिजाकडे उजळ होत जातं, त्यामुळे खालून उचललेला तुकडा कोपऱ्यात फिकट दिसतो. आडवा सरकवला तरी लेन्सच्या कोपऱ्यातल्या काळपटपणामुळे तो किंचित उजळ पडतो. `Transform1` नंतर `BrightnessContrast` जोडून `Gain` थोडा उतरवला की बसतो. गोठवलेली फ्रेम लावायचा मोह टाळा. बाकी आकाशात नॉइज हलत असतो आणि तेवढा चौकोन मेल्यासारखा दिसतो.

मास्कबद्दल जरा सविस्तर, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. पातं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे फोकसबाहेर असतं. त्याची काळी कड संपते तिथे ते संपत नाही, बाहेर पुसट झालर असते. शिवाय कमी बिटरेटच्या फाइलमध्ये फिरत्या पात्याभोवतीचे ठोकळेही बिघडलेले असतात. म्हणून दिसणाऱ्या कडेपासून किमान २० पिक्सेल बाहेर मास्क काढा. `Soft Edge` 0.01 च्या आसपास पुरतो, पण तो कडेच्या दोन्ही बाजूंना पसरतो. मास्क फ्रेमच्या कडेलाच संपवला, तर तिथेही तो अर्धवट पारदर्शक होतो आणि अगदी काठाला पात्याची राखाडी रेघ उरते. बहुभुजाचे बाहेरचे बिंदू फ्रेमच्या बरेच पलीकडे टाका. आणखी एक त्रास म्हणजे `Polygon` आपोआप कीफ्रेम घेतं. वेगळ्या फ्रेमवर जाऊन एक बिंदू हलवला की मास्क तिथून सरकू लागतो. स्थिर मास्क हवा असेल तर इन्स्पेक्टरमधल्या आकाराच्या ॲनिमेशनवर राइट क्लिक करून ते आधीच काढून टाका.

खरी कसोटी लागते ती कोपऱ्यात डोंगराचा कडा किंवा झाडी असते तेव्हा. शेजारचा खडक उचलून लावला की तोच भेगाळलेला दगड दोनदा दिसतो. इथे वेळ कामाला येते. सरळ पुढे उडताना दृश्य मध्यापासून बाहेर पसरत जातं, म्हणजे आता कोपऱ्यात असलेला खडक थोड्या वेळापूर्वी आत, स्वच्छ जागी होता. `MediaIn1` आणि `Transform1` यांच्यामध्ये `TimeSpeed` घाला, वेग 1 ठेवा आणि `Delay` मध्ये फ्रेम भरा.

किती फ्रेम, ते मोजता येतं. समजा झालर धरून टोक वरून ७० पिक्सेल आत आहे. मध्यापासून वरची कड १०८० पिक्सेलवर आणि टोकाची आतली सीमा १०१० वर. जुनी फ्रेम १०८० ÷ १०१०, म्हणजे साधारण १.०७ पट मोठी केली, की तिच्यातलं पातंही फ्रेमबाहेर ढकललं जातं. आता खडक समोर २०० मीटरवर आहे आणि वेग सेकंदाला १० मीटर. १३ मीटर पुढे आल्यावर तो २०० ÷ १८७, म्हणजे तेवढाच १.०७ पट मोठा दिसतो. १३ मीटरला १.३ सेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या फुटेजमध्ये ३२ किंवा ३३ फ्रेम. `Delay` 33, `Size` 1.07, मग डोळ्यांनी थोडं मागेपुढे. कॅमेरा खाली झुकलेला असेल तर दृश्य फ्रेमच्या मध्यापासून नाही, ड्रोन ज्या बिंदूकडे चालला आहे तिथून पसरतं. `Pivot` तिथे न्यावा लागतो आणि वरचा हिशोबही तिथूनच करावा लागतो.

याच कारणाने आकाश आणि खडक एका तुकड्यात बसत नाहीत. लांबचं आकाश जवळजवळ पसरतच नाही, त्यामुळे १.०७ पट केलेले ढग चुकीच्या जागी पडतात. दोघांसाठी दोन वेगळे `Merge` आणि दोन मास्क करा, सांधा कड्याच्या रेषेवर. फारच जवळचं झाड असेल तर ही युक्ती हरते. फांद्या वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि कुठलाही एक आकडा सगळ्यांना जुळत नाही. तिथे परत क्रॉप.

लँडिंग गिअरचा पाय बहुतेक ड्रोन झटक्यात वळवल्यावर बाजूने येतो. अंग वळतं आणि गिंबल मागून येतो. दृश्य त्या वेळी आडवं सरकत असल्यामुळे काही फ्रेम आधीचं किंवा नंतरचं चित्र फक्त `Center X` हलवून जुळतं, आकार बदलावा लागत नाही. मात्र वळण्याचा वेग एकसारखा नसतो, त्यामुळे `Center X` ला तीन-चार कीफ्रेम लागतात. पाय ठोस असल्याने अर्धवट झाकला गेला की लगेच कळतो, म्हणून इथे मास्क सढळ हाताने काढा.

तपासणीतला मोठा फसवा प्रकार लॉग फुटेजचा. रिझॉल्व्हमध्ये फ्यूजन आधी आणि कलर नंतर येतं. फिकट चित्रात बेमालूम वाटलेला सांधा कॉन्ट्रास्ट चढवल्यावर उघडा पडतो. शेवटी एक तात्पुरता `BrightnessContrast` लावून कॉन्ट्रास्ट मुद्दाम जास्त चढवा, कोपरा २०० टक्क्यांवर पाहत शॉट चालवा, मग तो नोड काढून टाका. थांबलेल्या फ्रेमवर पाहून समाधान मानू नका. चालताना दिसणारी थरथर तिथे कळतच नाही.

सूर्य ड्रोनच्या समोर वरून असला आणि पात्यांची सावली लेन्सवर पडत असली, तर सगळ्या फ्रेमभर आडव्या पट्ट्या लुकलुकतात. क्लोनने त्या जात नाहीत, त्यासाठी फ्लिकरचं वेगळं साधन लागतं. वाऱ्याच्या दिवशी कॅमेरा चार-पाच अंश खाली ठेवून वेग थोडा आवरला, तर या सगळ्यातलं बरंचसं काम उरतच नाही.