फोटोतल्या चुण्या मोजा : खिडकीवर ‘चढवलेल्या’ पडद्याने झालेली फसवणूक

‘तुमच्या खिडकीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पडदा लावल्यावर घर कसं दिसेल ते आम्ही दाखवतो.’ हल्ली पडद्याची बरीच दुकानं असं सांगतात. सोय चांगली आहे, पण त्या फोटोच्या भरवशावर दिलेले पैसे कसे बुडतात हे पिंपरी-चिंचवडमधल्या एका कुटुंबाच्या बाबतीत अगदी स्वच्छ दिसलं. दुकानाचं नाव इथे देत नाही. फोटो कुठे खोटा होता आणि तो आधीच कसा ओळखता आला असता, तेवढं सविस्तर लिहितो. पडदे शिवणं आणि फोटोत पडदे बसवणं ही दोन्ही आमची रोजची कामं आहेत.

हॉलची खिडकी ६ फूट रुंद, ४ फूट उंच, सरकत्या काचांची, बाहेरून ग्रिल. पडदा जमिनीपर्यंत हवा होता. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर, म्हणजे ८४ इंचांची. कुटुंबाने दुपारी काढलेला फोटो पाठवला. दोन तासांत त्याच खिडकीवर मोठ्या पानांच्या नक्षीचा दाट, मऊ, उजेडाने आतून तेजाळलेला पडदा बसवून फोटो परत आला. सोबत एका ओळीचा भाव : ‘ब्लॅकआउट, फुल सेट, शिलाईसह १८,५००’. १०,००० रुपये आगाऊ दिले. बारा दिवसांनी जे लागलं ते बंद केल्यावर जवळजवळ चादरीसारखं सपाट पडत होतं. दुकानदाराचं उत्तर एकच, ‘अहो, फोटो फक्त अंदाजासाठी असतो.’

पण त्या फोटोत अंदाज नव्हताच. मोजता येईल असा हिशेब होता, आणि तो बिलाशी जुळत नव्हता.

रिंगांच्या पडद्यात दोन रिंगा मिळून एक पुढे आलेली चुणी होते. रिंगा साधारण ६ इंचांच्या अंतराने बसवतात, म्हणजे एका चुणीत १२ इंच कापड जातं. कापडाचा पन्हा ४८ इंच धरला तर एका पन्ह्याला, म्हणजे पूर्ण रुंदीच्या एका उभ्या तुकड्याला, ८ रिंगा आणि ४ चुण्या. पडदा उघडा असो की बंद, चुण्यांची संख्या बदलत नाही. पडदा ओढला की चुण्या फक्त उथळ होतात, आणि सरकवला की खोल. म्हणून फोटोतल्या चुण्या मोजल्या की कापड मोजलं जातं. या फोटोत प्रत्येक बाजूला १२, एकूण २४ चुण्या होत्या. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ इंच, पुरे ६ पन्हे. घरी आलेल्या पडद्यात रिंगा निघाल्या २४, म्हणजे चुण्या १२ आणि पन्हे ३. मधला पन्हा उभा फाडून दोन्हीकडे अर्धा अर्धा जोडला होता. कापड निम्मं आलं, आणि बिलात पन्ह्यांची संख्याच लिहिलेली नसल्यामुळे बोट ठेवायला जागा राहिली नाही.

खरं तर ८४ इंचांच्या दांडीला ६ पन्ह्यांची गरजही नव्हती. ४ पन्हे म्हणजे १९२ इंच, दांडीच्या सव्वादोनपटीहून थोडं जास्त, आणि भरदार पडद्याला तेवढं पुरतं. ३ पन्हे म्हणजे १४४ इंच, जेमतेम पावणेदोनपट. त्यात चुणी पडते, पण पडदा बंद केला की ती ताणली जाते. जाड कापडात तर फारच. २ पन्हे लावले तर खिडकी झाकते एवढंच.

आता फोटो कसा केला होता ते पाहू. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या उजेडात काढलेला तयार पडदा कापून या खिडकीवर चिकटवला होता आणि त्यावर पानांची नक्षी पसरली होती. हे ओळखायला संगणक लागत नाही, तीन जागा नीट पाहिल्या की पुरे.

पहिली जागा फरशी. मूळ फोटोत खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा टाइल्सवर पडला होता आणि त्यात ग्रिलच्या गजांच्या सावल्या स्पष्ट होत्या. पडदा बंद दाखवलेल्या फोटोतही तो कवडसा गजांसकट तसाच होता. पडद्यातून गजाची सावली आरपार कशी येईल? शिवाय टाइल्स चकचकीत असल्यामुळे खिडकीचं पांढरं प्रतिबिंब खाली दिसत होतं. वर पडदा आणि खाली उघडी खिडकी. ज्याने फोटो केला त्याने फक्त खिडकीपुरतं काम केलं, खोलीकडे पाहिलंच नाही.

दुसरी जागा चुणीची सावली. त्या खोलीत उजेड येतो तो खिडकीतूनच, म्हणजे पडद्याच्या मागून. पातळ कापडामागून उजेड आला की चुणीचा माथा उजळ दिसतो, कारण तिथे कापडाचा एकच थर समोर येतो. चुणीच्या दोन्ही कडांना नजर कापडातून तिरकी जाते, म्हणून त्या गडद होतात, आणि दोन्हीकडे सारख्याच. या फोटोत मात्र प्रत्येक चुणीची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी होती. तसा पडदा डावीकडे दिवा ठेवून काढलेल्या फोटोतच दिसतो. त्यात बिलावर लिहिलेलं ‘ब्लॅकआउट’. ब्लॅकआउट कापड दुपारी आतून तेजाळत नाही. खोलीच्या बाजूने ते भिंतीपेक्षा काळपट दिसतं आणि फक्त वर दांडीपाशी व बाजूंना उजेडाची बारीक रेघ उरते. फोटोत दाखवलेलं तेज आणि बिलातलं ब्लॅकआउट एकाच कापडात मिळत नाहीत. यापैकी काय मिळणार हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारायला हवं होतं.

तिसरी जागा नक्षी. घरी कापड टेबलावर पसरलं तेव्हा एक पान १२ इंच रुंद भरलं, आणि फोटोतही प्रत्येक पान या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होतं. दुप्पट चुणीच्या पडद्यात तसं होऊच शकत नाही. अर्धं कापड चुणीच्या खोलीत जातं, त्यामुळे १२ इंचांचं पान समोरून साधारण ६ इंचांत मावतं आणि मधे मधे तुटतं. मोठ्या नक्षीचं कापड पसरल्यावर देखणं वाटतं आणि लावल्यावर ओळखू येत नाही, त्याचं कारण हेच. फोटोत नक्षी वॉलपेपरसारखी दिसली की ती चुण्यांवरून नुसती पसरलेली आहे असं समजा.

प्रामाणिक फोटो करता येतो, आणि त्याला दोन तासांपेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. सुरुवात ग्राहकाच्या फोटोपासून होते. फोन छातीच्या उंचीवर सरळ धरायचा, शक्य तितकं मागे जायचं, आणि 0.5x वर न जाता 1x वरच काढायचा. रुंद लेन्सने कडेचा पडदा ताणला जातो आणि चुण्या फुगतात. खिडकीशेजारी भिंतीवर ए-४ कागद चिकटवायचा. त्याची उंची २९.७ सेंटिमीटर असते, त्यावरून दांडीची जागा आणि पडद्याची लांबी फोटोतच मोजता येते. दोन फोटो हवेत : एक स्क्रीनवरच्या भिंतीवर बोट टेकवून, एक स्क्रीनवरच्या खिडकीवर बोट टेकवून. पहिल्यात खिडकी पांढरीफटक जाते, दुसऱ्यात बाहेरचं दिसतं. झिरझिरीत पडद्यामागे काय दाखवायचं ते त्या दुसऱ्या फोटोवरून कळतं.

पुढचं काम दुकानाचं. ज्या कापडाचा पडदा शिवायचा त्याचाच एक शिवलेला नमुना खिडकीत, मागून उजेड येईल असा टांगून फोटो काढायचा. इतकं केलं की अर्धी खोटी सावली आपोआप टळते. नमुना नसेल तर चुण्या त्याच प्रकारच्या दुसऱ्या पडद्यावरून घ्याव्या लागतात, पण त्यांची संख्या ठरलेल्या पन्ह्यांइतकीच ठेवायची : ४ पन्हे म्हणजे १६, जास्त नाही. नक्षी आधी रुंदीत निम्मी दाबायची, मग फोटोशॉपमध्ये Filter > Distort > Displace वापरून चुण्यांच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवर वाकवायची. नुसतं Displace केलं की नक्षी लहरते, पण चुणीत लपत नाही. म्हणून आधी दाबणं चुकवून चालत नाही. चुण्यांच्या सावल्यांचा थर वर Multiply मध्ये ठेवायचा. झिरझिरीत कापड असेल तर त्याची अपारदर्शकता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून मागचं दृश्य किंचित धूसर करायचं.

आणि मग खोली. हा भाग वगळला जातो आणि सगळं खोटं दिसतं ते इथेच. कवडसा पुसायचा, फरशीतल्या प्रतिबिंबात पडदा आणायचा, भिंती आणि सोफा पडद्याच्या मानाने काळवंडवायचे. ब्रॅकेटमुळे पडदा भिंतीपासून ३-४ इंच पुढे असतो, म्हणून कडेला भिंतीवर मऊ सावली पडते आणि खाली फरशीला जवळजवळ टेकलेल्या कडेची बारीक गडद रेघ. या दोन सावल्या नसल्या की पडदा तरंगतो.

रोलर ब्लाइंडमध्ये चुण्यांची लबाडी जमत नाही, पण एक आहे. चौकटीच्या आत बसवलेल्या ब्लाइंडचं कापड ब्रॅकेटमुळे एकूण इंच-दीड इंच अरुंद असतं, आणि दोन्ही कडांनी उजेड येतो. फोटोत तो चौकटीला चिकटलेला दिसला तर विचारा.

बिलावर या गोष्टी लिहून घ्या : पन्ह्यांची संख्या, पन्ह्याची रुंदी, एकूण मीटर, रिंगांची संख्या, अस्तर आहे की नाही. तयार लांबी ८८ इंच असेल तर वरची-खालची दुमड धरून पन्ह्यामागे साधारण १०० इंच, म्हणजे अडीच मीटरहून थोडं जास्त कापड लागतं. ४ पन्ह्यांना सुमारे १०.२ मीटर, ३ पन्ह्यांना ७.६. नक्षी जुळवायची असेल तर त्याहून जास्त. दुकानाने पाठवलेला फोटो आणि सोबतचा निरोप डिलीट करू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना तोच पुरावा असतो.

या कुटुंबाने रिंगा मोजून, फोटोतल्या चुण्यांवर आकडे टाकून तो फोटो दुकानाला परत पाठवला. चार दिवसांत चौथा पन्हा मुकाट्याने शिवून आला. मात्र तो दुसऱ्या ताक्यातला होता. रात्री दिव्यात रंग सारखाच वाटतो, पण दुपारी ऊन आलं की डावीकडचा पन्हा किंचित पिवळसर दिसतो. चौथा पन्हा पहिल्याच दिवशी बिलावर असता तर एकाच ताक्यातून कापला गेला असता.