टप्पा पडल्यावर चेंडू कुठे जाईल? घसरण, लोळण आणि पकड या तीन हिशोबांची तुलना

बी.एस्सी.चा प्रकल्प असो किंवा मोबाईलवरचा क्रिकेट-टेनिसचा खेळ, फिरणाऱ्या चेंडूचा टप्पा गणितात बसवायची वेळ आली की तीन पर्याय समोर येतात. पहिल्यात चेंडू जमिनीवर शेवटपर्यंत घसरतो. दुसऱ्यात तो उसळी घेण्याआधी लोळायला लागतो. तिसऱ्यात चेंडूचा तळ जमिनीला चिकटतो, आडवा ताणला जातो आणि सुटताना उलटा ढकलतो. तिन्ही हिशोब बरोबर आहेत, पण तिघांचे चेंडू आणि जमिनी वेगळ्या आहेत. चुकीच्या जागी वापरला तर यातला एक हिशोब चक्क फुकटची ऊर्जा निर्माण करतो.

तिघांच्याही मुळाशी एकच राशी आहे, तीच आधी नीट समजून घ्यावी. चेंडूचा आडवा वेग vx आणि फिरकी w धरू. टॉपस्पिन असेल तर w धन, बॅकस्पिन असेल तर ऋण. त्रिज्या R. मग जमिनीला टेकणाऱ्या बिंदूचा वेग vx − Rw इतका होतो. याला घसरवेग म्हणू. घर्षणाला चेंडूचा वेग दिसत नाही, फिरकीही दिसत नाही. त्याला फक्त हा घसरवेग दिसतो आणि ते त्याच्याच विरुद्ध दिशेने लागते. म्हणून बॅकस्पिनचा चेंडू टप्प्यावर अडतो, कारण त्याचा तळ चेंडूपेक्षाही वेगाने पुढे धावत असतो. टॉपस्पिन पुरेशी जोरात असेल तर तळ मागे जात असतो, आणि तेच घर्षण चेंडूला पुढे ढकलते. Rw नेमके vx इतके असेल तर घर्षणाला करण्यासारखे काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग आणि फिरकी यांतला सौदा. घर्षणाने आडवा वेग d ने कमी केला, तर Rw हे d/a ने वाढते. इथे a म्हणजे चेंडूचे वस्तुमान केंद्रापासून किती दूर पसरले आहे ते सांगणारा आकडा. भरीव गोळ्यासाठी तो ०.४, पातळ पोकळ गोळ्यासाठी सुमारे ०.६७, आणि टेनिसच्या चेंडूसाठी साधारण ०.५५ असतो. हा सौदा तिन्ही हिशोबांत सारखाच आहे. मतभेद फक्त एकाच प्रश्नावर आहे: d किती?

घसरणीच्या हिशोबात उत्तर सोपे आहे. जमिनीचा उभा धक्का गुणिले घर्षणांक, म्हणजे d = mu(1+ey)vy. यात vy हा खाली येण्याचा वेग आणि ey हा उभ्या उसळीचा गुणांक. लोळणीचा हिशोब म्हणतो की टप्पा संपेपर्यंत घसरवेग शून्य होतो, त्यामुळे d हा सुरुवातीच्या घसरवेगाच्या a/(1+a) पट असतो. घर्षणांक किती, याने मग फरक पडत नाही. पकडीच्या हिशोबात घसरवेग शून्यावर थांबत नाही, तो उलटतो. किती उलटतो ते ex हा आडव्या उसळीचा गुणांक सांगतो, आणि लोळणीच्या d ला (1+ex) ने गुणले की काम झाले. ex = 0 म्हणजे लोळण, ex = 1 म्हणजे तळाची आडवी गती पूर्ण उलटली.

आता एक खरा आकडा घेऊ. टेनिसचा चेंडू कडक जमिनीवर २५४ सें.मी. उंचीवरून सोडला तर १३५ ते १४७ सें.मी. उसळावा, असा नियम आहे. यावरून ey साधारण ०.७३ ते ०.७६ निघतो, आपण ०.७५ घेऊ. त्रिज्या ३.३ सें.मी., सिमेंटच्या कोर्टाचा घर्षणांक ०.६ धरू. चेंडू सेकंदाला ८ मीटर पुढे आणि ४ मीटर खाली या वेगाने येतो, म्हणजे जमिनीशी सुमारे २७ अंशांत. उसळल्यावर उभा वेग ३ असेल, त्यावर कुणाचा वाद नाही. आडवा वेग मात्र असा निघतो:

| येताना Rw | घसरण | लोळण | पकड, ex = ०.२ |
|---|---|---|---|
| ० (फिरकी नाही) | ३.८ | ५.२ | ४.६ |
| +१२ (टॉपस्पिन) | १२.२ | ९.४ | ९.७ |
| −६ (बॅकस्पिन) | ३.८ | ३.० | २.० |

पहिल्या ओळीत घसरणीचा हिशोब फसला आहे. ३.८ वेग आणि फिरकीचे Rw ७.६ निघते, म्हणजे तळ आता ३.८ ने मागे धावतो आहे. घसरण वाटेतच थांबली, तरी गणिताने घर्षण त्याच दिशेला चालू ठेवले. दुसऱ्या ओळीत तर कहर आहे. vx² + a(Rw)² ही आडव्या गतीची आणि फिरकीची एकत्र ऊर्जा (वस्तुमानाच्या निम्म्याने भागून) टप्प्याआधी १४३ होती, टप्प्यानंतर १५९ निघते. घर्षणाने ऊर्जा वाढवली! तुमच्या खेळात टॉपस्पिनचा चेंडू टप्प्यागणिक वेडावाकडा वेग घेत असेल तर बहुधा कारण हेच असते.

तिसऱ्या ओळीत मात्र बाजू उलटते. घसरवेग १४ आहे. तो संपवायला लोळणीला d = ५.० हवा, पकडीला ६.०, आणि जमीन जास्तीत जास्त देऊ शकते ४.२. म्हणून इथे घसरणीचे ३.८ हेच खरे. चेंडू सुमारे ३८ अंशांत उंच उठतो, आणि सुटतानाही त्याचा तळ २.२ ने पुढे घसरतच असतो. बॅकस्पिन मात्र नाहीशी होऊन तिची किंचित टॉपस्पिन झालेली असते. बॅकस्पिनचा फटका टप्प्यानंतर ‘बसतो’ आणि उभा राहतो असे खेळाडू म्हणतात, ते हेच.

लोळण आणि पकड यांत निवडायचे तर पहिल्या ओळीकडे पुन्हा पाहावे. वेगातला ५.२ आणि ४.६ हा फरक डोळ्यांना सहज कळणार नाही. फिरकीत मात्र तो ठळक आहे: लोळणीप्रमाणे चेंडू सेकंदाला सुमारे २५ फेरे घेईल, पकडीप्रमाणे ३०. चेंडूवर मार्करने एक रेष काढा आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये बाजूने चित्रण करा. एका फेऱ्याला साडेनऊच्या आसपास फ्रेम लागल्या तर लोळण, आठ लागल्या तर पकड. सलग चार-पाच फेरे मोजले की संशय राहत नाही.

सिडनी विद्यापीठातल्या रॉड क्रॉस यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हीच गोष्ट दिसली. फिरकी न देता टाकलेला टेनिसचा चेंडू काही वेळा लोळणीच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरत बाहेर पडला. त्यांना टेनिसच्या चेंडूसाठी ex −०.५१ पासून ०.२४ पर्यंत मिळाला, आणि त्यांनी तपासलेल्या सुपरबॉल या जोरात उसळणाऱ्या भरीव रबरी चेंडूसाठी ०.७६. ऋण ex चा अर्थ इतकाच की घसरण पूर्ण थांबण्याआधीच चेंडू सुटला. म्हणजे टेनिसच्या चेंडूला एकच ex चिकटवता येत नाही. येण्याचा कोन आणि घर्षण यांप्रमाणे तो बदलतो.

सुपरबॉलसाठी मात्र लोळणीचा हिशोब घेऊच नये. याची कसोटी घरातल्या टेबलाखाली घेता येते. चेंडू फिरकी न देता, ८ आडवा आणि ८ खाली अशा वेगाने टेबलाखाली फेका. भरीव गोळ्याचा a = ०.४ घेतला तर लोळणीप्रमाणे जमिनीच्या टप्प्यानंतर आडवा वेग ५.७ उरतो, टेबलाच्या खालच्या बाजूला आपटल्यावर २.४, आणि चेंडू पुढेच निघून जायला हवा. ex = ०.७६ घेतला तर पहिल्या टप्प्यानंतर वेग ४.० आणि Rw १०.१ होते. टेबलाला आता चेंडूचा माथा टेकतो, आणि माथ्यावर वेग आणि फिरकी यांची बेरीज होते: घसरवेग १४. त्याचा धक्का इतका मोठा की वेग −३.१ होतो, चेंडू तुमच्याकडे परत येतो. खरा सुपरबॉल परतच येतो. रिचर्ड गार्विन यांनी १९६९ मध्ये ex = 1 धरून असाच आदर्श चेंडू गणितात बसवला होता; त्या आदर्श चेंडूचा सपाट जमिनीवर दुसरा टप्पा पहिल्या टप्प्याचे काम उलटवतो, आणि मूळ वेग व मूळ फिरकी परत मिळते.

मग निवड कशी करायची? माझे मत स्पष्ट आहे: एकटा हिशोब निवडूच नका. जमीन देऊ शकते तो d आणि पकडीला हवा असलेला d, यांतला लहान घ्या. नऊ ओळींत मावते:

```
s = vx - R*w
d_slip = mu*(1+ey)*vy
d_grip = (1+ex)*abs(s)*a/(1+a)
d = min(d_slip, d_grip)
if s < 0:
    d = -d
vx = vx - d
w = w + d/(a*R)
vy = ey*vy
```

ex मोजता आला नाही तर टेनिसच्या चेंडूसाठी ० ते ०.२ मधला आकडा घ्या. खेळासाठी सरळ ० चालतो. एका बाबतीत मात्र एकट्या घसरणीवर भागते: गुळगुळीत किंवा ओली फरशी आणि चपटा येणारा चेंडू. फिरकी नसलेल्या याच टेनिसच्या चेंडूसाठी घर्षणांक ०.२ असेल तर ४५ अंशांखालचा प्रत्येक टप्पा घसरतच संपतो. घर्षणांक ०.६ असेल तर ही सीमा ex शून्य धरल्यास १९ अंशांवर, ०.२ धरल्यास २२ अंशांवर येते. आपला २७ अंशांचा चेंडू फिरकी नसताना तिच्या वर होता, म्हणून त्याला पकड मिळाली. फिरकी आली की सीमा हलते. बॅकस्पिन तिला वर सरकवते.

ऑफस्पिनरचा चेंडू बसवायचा असेल तर घसरवेग दोन दिशांचा सदिश म्हणून घ्यावा लागेल. त्यात d_slip ची मर्यादा दोन्ही घटकांना वेगवेगळी लावू नये, ती एकत्रित परिमाणाला लावावी. नाहीतर कर्णरेषेत घर्षण सुमारे ४१ टक्के जास्त मिळते आणि चेंडू वाजवीपेक्षा जास्त वळतो. उभ्या अक्षाभोवतीची फिरकी या हिशोबात तळाला वेगच देत नाही, म्हणून ती टप्प्याची दिशा बदलत नाही. आणि चामड्याच्या चेंडूची शिवण जमिनीला लागली तर वरचे काहीच लागू होत नाही. तिथे चेंडू गोल राहत नाही, उभा धक्का केंद्रातून न जाता त्याच्या बाजूने जातो, आणि वेग-फिरकीचा सौदाच मोडतो. शिवणीच्या टप्प्यासाठी सरासरी वळणात थोडी यादृच्छिक भर घालणे हाच जास्त प्रामाणिक मार्ग आहे.