ओपीजी काढायचा की छोटा एक्सरे? अक्कलदाढेची एक केस

मामेबहीण मनीषनगरहून ओपीजीची फिल्म घेऊन माझ्या क्लिनिकला आली, वय २४, खालची उजवी अक्कलदाढ दुखते अन् तिथे जेवण अडकतं. मी छोटा एक्सरे सांगितला तर म्हणे, "ताई, एवढा मोठा काढला नं, मग अजून छोटा काहून?"

प्रश्न बरोबरच आहे. ओपीजीत दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात, अक्कलदाढ किती आडवी आहे, तिची मुळं खालच्या नसेच्या नळीपर्यंत गेली का हे त्यात छान कळतं. पण दात एकमेकांवर चढलेले दिसतात, त्यामुळे दोन दाढांच्या मधली बारीक कीड हमखास लपते. त्यासाठी बाइटविंग, म्हणजे फिल्म दातांत धरून चावायची, किरण दोन दातांच्या फटीतून सरळ जातो अन् दात टेकतात त्याच्या जरा खाली काळा त्रिकोण दिसला की ती कीड. तरी ३०-४० टक्के खनिज गेल्याशिवाय काळं दिसतच नाही, म्हणून खरी कीड फोटोपेक्षा मोठीच धरायची. दुखत काहीच नसेल, फक्त लपलेली कीड बघायची असेल तर बाइटविंगच काढा, ओपीजीची गरज नाही.

बहिणीचं मात्र दुसरं होतं. तिची अक्कलदाढ पुढे झुकून शेजारच्या दाढेच्या मानेत रुतलेली, अन् नेमका तिथेच ओपीजीत काळा डाग. आता दाताच्या मानेपाशी, इनॅमल संपतं तिथून हाडापर्यंत, चांगल्या दातातही किरण जास्त पार होऊन काळपट पट्टा येतो, तो कीड समजून ड्रिल केलं तर चांगला दात जातो. बाइटविंग तेवढ्या मागे नीट पोचत नाही आणि त्यात मूळही पूर्ण येत नाही, म्हणून आयओपीए, म्हणजे एक-दोन दाढा मुळासकट दाखवणारा छोटा एक्सरे काढला, कोन थोडा बदलून दोनदा. खोटा डाग कोन बदलला की फिका होतो किंवा सरकतो, हिचा दोन्हीत तिथेच, कडा स्पष्ट, दाताच्या आतल्या नसेच्या दिशेने गेलेला. म्हणजे कीडच.

त्याच फोटोत हाडही दिसलं. एरवी इनॅमलच्या कडेपासून १-२ मिमी खाली हाडाची पांढरी रेघ असते, हिच्या दाढेमागे जवळपास ५ मिमी खाली, तिरकी उतरलेली. गाल आणि जिभेकडचं हाड मात्र मुळाआड लपतं, ते कुठल्याच साध्या एक्सरेत कळत नाही, त्यामुळे प्रोब, म्हणजे खुणांची बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजलीच.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागेल का, हे ठरलं परत ओपीजीवरूनच. मुळाजवळ नळीची पांढरी रेघ तुटली असती, नळी वळली असती किंवा मूळ तिथे काळं पडलं असतं तर काढायला लावला असता. हिची रेघ सलग होती, म्हणून तो खर्च आणि जास्तीचं रेडिएशन वाचलं.

अक्कलदाढ आधी काढली, कारण ती असताना शेजारच्या दाढेच्या किडीपर्यंत हातच पोचत नाही. टाके निघाले की ती दाढ उघडणार, नुसतं फिलिंग चालेल की रूट कॅनल लागेल ते कीड साफ केल्यावरच कळेल.